अंशांतील साइन-कोसाइनचे अवकलज आणि π/१८०

साइन फलनाचा अवकलज कोसाइन असतो, हे सूत्र कलनाच्या प्रत्येक पुस्तकात सापडते. त्या सूत्रामागची अट मात्र बहुधा प्रकरणाच्या सुरुवातीला एका ओळीत उरकलेली असते. ती अट अशी, की कोन रेडियनमध्ये मोजलेला हवा. कोन अंशांत मोजला तर सूत्र बदलते. sin x° चा अवकलज cos x° येत नाही, (π/१८०) cos x° येतो. आणि cos x° चा अवकलज −(π/१८०) sin x° येतो. π/१८० ही संख्या सुमारे ०.०१७४५३३ आहे. म्हणजे नेहमीचे सूत्र अंशांना तसेच लावले, तर उत्तर खऱ्या उत्तराच्या जवळजवळ ५७ पट मोठे येते. ही चूक बारीक नसते. तरीही ती पुष्कळदा लक्षात येत नाही, आणि त्याचे कारण या विषयाच्या रचनेतच आहे.

सूत्र सिद्ध करण्याआधी आकडे पाहिलेले बरे. sin ३०° ची किंमत नेमकी ०.५ आहे आणि sin ३१° ची किंमत सात दशांश स्थळांपर्यंत ०.५१५०३८१ आहे. म्हणजे ३० अंशांपुढे एक अंश सरकल्यावर साइन ०.०१५०३८१ ने वाढतो. आता एक अंशाऐवजी दशांश अंश सरकावे. sin ३०.१° म्हणजे ०.५०१५१०७, वाढ ०.००१५१०७, आणि दर अंशाला हिशेब केला तर ०.०१५१०७४. शंभरांश अंश सरकले तर हाच दर ०.०१५११४२ येतो. पाऊल जसजसे लहान होते, तसतसा हा दर ०.०१५११५० कडे स्थिरावतो. अवकलज म्हणजे नेमकी हीच स्थिरावलेली किंमत. cos ३०° आहे ०.८६६०२५४, आणि ०.०१५११५० च्या तो जवळपासही नाही. मात्र ०.०१५११५० ला ०.८६६०२५४ ने भागले की भागाकार ०.०१७४५३३ येतो. ६० अंशांपाशी हाच प्रयोग केला तर दर ०.००८७२६६ वर थांबतो, आणि cos ६०° म्हणजे ०.५ ने भागल्यावर पुन्हा ०.०१७४५३३ च मिळतो. कोन कुठलाही घेतला तरी कोसाइन आपले काम चोख करतो. त्याच्या जोडीला येणारी संख्या बदलत नाही.

ही संख्या येते कुठून? याचे उत्तर सहसा असे दिले जाते, की अंशांचे रेडियन करावेत आणि मग साखळी नियम लावावा. उत्तर बरोबर आहे, पण त्याने कारण कळत नाही. रेडियनचा आधार न घेता, शाळेत शिकवलेल्या वर्तुळपाकळीच्या क्षेत्रफळावरूनही ही संख्या समोर येते, आणि हा मार्ग अधिक बोलका आहे.

त्रिज्या १ असलेले वर्तुळ घ्यावे. त्याच्या केंद्रापाशी h अंशांचा एक लहान कोन करावा. या कोनाने तीन आकृत्या तयार होतात. पहिली आकृती दोन त्रिज्या आणि त्यांची टोके जोडणारी जीवा यांचा त्रिकोण. त्याचे क्षेत्रफळ (१/२) sin h°. दुसरी वर्तुळपाकळी. तिसरी आकृती एका त्रिज्येच्या टोकाशी काढलेली स्पर्शिका दुसऱ्या वाढवलेल्या त्रिज्येला भेटते तिथवरचा काटकोन त्रिकोण. त्याचे क्षेत्रफळ (१/२) tan h°. पहिली आकृती दुसरीच्या आत मावते आणि दुसरी तिसरीच्या आत. या तिन्हींत त्रिकोणांची क्षेत्रफळे कोन कोणत्या एककात मोजला याची पर्वा करत नाहीत. आकृतीतल्या बाजूंची लांबी एककावर अवलंबून नसते. पाकळीचे तसे नाही. पूर्ण वर्तुळाचे क्षेत्रफळ π, आणि पाकळी म्हणजे त्याचा h/३६० इतका भाग. म्हणून तिचे क्षेत्रफळ πh/३६० येते. कोनाचे माप स्वतः आकड्याच्या रूपात इथेच, आणि फक्त इथेच, हिशेबात शिरते, आणि येताना π आणि ३६० यांना बरोबर घेऊन येते.

तिन्ही क्षेत्रफळांची दुप्पट केली की असमानता अशी दिसते:

sin h° < πh/१८० < tan h°

डाव्या भागावरून sin h°/h हे π/१८० पेक्षा लहान आहे असे कळते. उजव्या भागात tan h° ऐवजी sin h°/cos h° लिहिले की sin h°/h हे (π/१८०) cos h° पेक्षा मोठे आहे असे कळते. h शून्याकडे जाऊ लागला की cos h° एककडे जातो, आणि दोन्ही बाजूंनी दाबले गेलेले sin h°/h हे गुणोत्तर π/१८० ला जाऊन मिळते. पुढे या संख्येला k म्हटले आहे. एक अंशासाठीच पाहिले तरी sin १° ची किंमत ०.०१७४५२४ आहे, आणि k आहे ०.०१७४५३३. फरक सहाव्या दशांश स्थळावर पडतो.

एवढे हाती आल्यावर उरलेले काम बीजगणिताचे आहे. sin (x+h)° चे बेरीज-सूत्राने विस्तारण केले, त्यातून sin x° वजा केले आणि h ने भागले, तर दोन पदे मिळतात:

sin x° · (cos h° − १)/h + cos x° · (sin h°)/h

दुसऱ्या पदातील गुणोत्तर k कडे जाते, हे वर आलेच. पहिल्या पदातील गुणोत्तर शून्याकडे जाते. १ − cos h° ला १ + cos h° ने गुणले की sin² h° मिळतो. म्हणून (१ − cos h°)/h हे (sin h°/h) आणि sin h°/(१ + cos h°) यांच्या गुणाकाराइतके असते. त्यातला पहिला घटक k कडे आणि दुसरा शून्याकडे जातो, म्हणून गुणाकार शून्य. उरते ते k cos x°. कोसाइनच्या बाबतीत हीच मांडणी केली की −k sin x° मिळतो.

या सिद्धतेत एक गोष्ट ठळकपणे दिसते. अवकलजाचा आकार, म्हणजे साइनपासून कोसाइन होणे आणि कोसाइनपासून उणे साइन होणे, बेरीज-सूत्रातून आला. त्याचा एककाशी काही संबंध नाही. अवकलजाचे माप मात्र sin h°/h या एकाच सीमेतून आले. ही सीमा म्हणजे साइनच्या आलेखाचा आरंभबिंदूपाशी असलेला चढ. कोनाचे एकक बदलले की बदलतो तो फक्त हा चढ, आणि एकदा तो ठरला की आलेखावरच्या प्रत्येक बिंदूपाशी त्याचाच गुणक लागतो. कोन कलांत मोजला, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागांत, तर हा चढ π/१०८०० होतो. पूर्ण फेऱ्यांत मोजला तर २π होतो. तो १ होईल असे एकक निवडायचे ठरवले, तर πh/१८० हाच कोनाचा आकडा मानावा लागतो, आणि तो आकडा म्हणजे एकक वर्तुळावरील कंसाची लांबी. रेडियनची व्याख्या हीच आहे. रेडियन हे कोणाच्या पसंतीने आलेले एकक नाही. अवकलजातला गुणक १ करणारे ते एकमेव एकक आहे.

साखळी नियमाचा मार्गही इथे एका ओळीत सांगून टाकता येतो. x° म्हणजे πx/१८० रेडियन. म्हणून sin x° हे sin (πx/१८०) असे संयुक्त फलन आहे, आणि त्याचा अवकलज cos (πx/१८०) गुणिले π/१८०. हा मार्ग जलद आहे, पण त्यात एक सापळा आहे. उत्तर लिहिताना पुष्कळ विद्यार्थी (π/१८०) cos x असे लिहितात आणि अंशाचे चिन्ह गाळतात. मग x = ३० ठेवल्यावर तीस रेडियनचा कोसाइन निघतो. त्याची किंमत ०.१५४३ आहे, तर तीस अंशांच्या कोसाइनची ०.८६६०. अंशाचे ते छोटे वर्तुळ शोभेसाठी नसते. त्याचा अर्थ ‘गुणिले π/१८०’ असाच घ्यावा. मग ते गाळणे म्हणजे एक घटक गाळणे आहे, हे आपोआप कळते. कोसाइनच्या आतला π/१८० आणि बाहेर आलेला π/१८० हे दोन निरनिराळे आहेत, आणि दोन्ही हवेत.

अंशांतला हा गुणक प्रत्यक्ष वापरात कलनाच्या पुस्तकांच्या कितीतरी आधीपासून आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास दिलेल्या ज्यासारणीत वर्तुळाचा परीघ २१,६०० कला मानला आहे, आणि त्रिज्याही कलांतच, ३४३८ घेतली आहे. ही त्रिज्या २१,६०० ला २π ने भागून येते. नेमका भागाकार ३४३७.७५ च्या जवळ आहे. कंस आणि ज्या दोन्ही एकाच एककात मोजल्यामुळे लहान कंसाची ज्या त्या कंसाइतकीच येते. सारणीतला पहिला कंस २२५ कलांचा आणि त्याची ज्याही २२५. आजच्या भाषेत या मांडणीत आरंभीचा चढ १ आहे. कोन कलांत असूनही गुणक लुप्त झाला, कारण तो त्रिज्येत सामावला. पुढचे फरक २२४, २२२, २१९ असे घटत जातात आणि चोविसावा, नव्वद अंशांपाशी, ७ इतकाच उरतो. कोसाइन जसा घटतो तसेच हे फरक घटतात.

भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त, म्हणजे इ.स. ११५० मध्ये, ही गोष्ट नियमाच्या रूपात आली. एखाद्या ठिकाणचा तात्कालिक फरक काढायचा तर २२५ ला तिथल्या कोटिज्येने गुणावे आणि त्रिज्येने भागावे, असे ते सांगतात. कोटिज्या भागिले त्रिज्या म्हणजे आजचा कोसाइन. एकेका अंशाने ज्या काढण्यासाठी त्यांनी आणखी एक नियम दिला आहे. दिलेल्या ज्येतून तिचा ६५६९ वा भाग वजा करावा, आणि कोटिज्येला १० ने गुणून ५७३ ने भागून येणारी संख्या त्यात मिळवावी, म्हणजे एक अंश पुढची ज्या मिळते. हा १०/५७३ म्हणजे ६०/३४३८ चे संक्षिप्त रूप आहे. एका अंशाच्या ६० कला, भागिले त्रिज्या. त्याची दशांश किंमत ०.०१७४५२० आहे. π/१८० हाच गुणक, पूर्णांकांच्या वेषात.

नियम पडताळून पाहण्यासारखा आहे. ३० अंशांची ज्या ३४३८ ची निम्मी, १७१९. तिचा ६५६९ वा भाग ०.२६, तो वजा केल्यावर १७१८.७४. तीस अंशांची कोटिज्या २९७७.४०, तिला १० ने गुणून ५७३ ने भागल्यावर ५१.९६. बेरीज १७७०.७०. ३४३८ ने भागल्यावर ०.५१५०३८ येतो, आणि sin ३१° ची आजची किंमत सहा दशांश स्थळांपर्यंत तीच आहे. ६५६९ चा भाग का वजा केला, हेही वरच्या दोन पदांकडे पाहिल्यावर कळते. पाऊल शून्याइतके लहान नसून पुरा एक अंश आहे, म्हणून cos १° − १ हे पद संपूर्णपणे सोडून देता येत नाही; ते अंदाजे −१/६५६९ आहे. अवकलज आणि प्रत्यक्ष फरक यांतले अंतर इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे उदाहरण सहज सापडणार नाही.

कॅल्क्युलेटर येण्यापूर्वी वर्गावर्गांत वापरल्या जाणाऱ्या चार स्थळांच्या कोष्टकांतही हाच गुणक होता. साइनच्या कोष्टकात उजवीकडे एक ते पाच कलांसाठी मध्यमान फरकांचे रकाने असत. ३० अंशांपाशी एका कलेचा फरक k cos ३०° च्या साठाव्या भागाइतका, म्हणजे ०.०००२५२ असतो, पाच कलांचा ०.००१२६, म्हणून त्या रकान्यात १३ हा आकडा येतो. नव्वद अंशांकडे जाताना हे आकडे शून्याकडे झुकतात. रकान्यातून फरक उचलून बेरीज करणारा विद्यार्थी नकळत अंशांतला अवकलजच वापरत असे, आणि त्यात चूक होत नसे, कारण गुणक छापणाऱ्याने आधीच गुणून ठेवलेला असे. युरोपात कंसाची लांबी हेच कोनाचे स्वाभाविक माप मानण्याची मांडणी रॉजर कोट्स यांच्या लेखनात स्पष्ट दिसते; त्यांच्या मृत्यूनंतर १७२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अशा कोनाचे ५७.२९५… अंश होतात हे दिलेले आहे. ‘रेडियन’ हे नाव त्यामानाने अलीकडचे. बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजात जेम्स थॉमसन यांनी काढलेल्या १८७३ च्या प्रश्नपत्रिकेत ते छापील स्वरूपात येते.

गुणकाचा भौतिक अर्थ घड्याळाच्या सेकंदकाट्यावरून नेमका दिसतो. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा १० सेंटिमीटर लांब आहे आणि अखंड फिरतो आहे असे मानावे. तो दर सेकंदाला ६ अंश फिरतो. नऊच्या आकड्यावरून निघाल्यापासून t सेकंदांनी त्याच्या टोकाची केंद्राच्या पातळीपासूनची उंची १० sin (६t)° सेंटिमीटर असते. ही उंची किती वेगाने बदलते? अवकलज घेतला तर १० × ६ × k × cos (६t)°, म्हणजे १.०४७२ cos (६t)° सेंटिमीटर प्रति सेकंद. नऊच्या आकड्यावर टोक सरळ वर जात असते, म्हणून तिथे उंची बदलण्याचा वेग टोकाच्या वेगाइतकाच असायला हवा. टोक एका मिनिटात २π × १० = ६२.८३ सेंटिमीटर अंतर चालते. साठने भागल्यावर १.०४७२. दोन्ही हिशेब तंतोतंत जुळतात. दहा सेकंदांनंतर काटा ६० अंश वर आलेला असतो, आणि उंची वाढण्याचा वेग निम्मा, ०.५२३६ उरतो.

गुणक विसरला तर नऊच्या आकड्यावर वेग ६० सेंटिमीटर प्रति सेकंद येतो. त्या वेगाने टोक मिनिटात ३६ मीटर चालेल, आणि १० सेंटिमीटर काट्याच्या टोकाला तेवढी वाट उपलब्धच नाही. दर सेकंदाला ६ अंश या मापात ‘अंश’ हे लांबीशी थेट न जोडलेले एकक आहे. त्याला त्रिज्येने गुणून लांबी मिळत नाही. कंस मिळवण्यासाठी आधी π/१८० ने गुणावेच लागते. अवकलजातला जादा गुणक म्हणजे कोनाचे कंसात होणारे हेच रूपांतर.

दुसऱ्यांदा अवकलन केले की गुणक पुन्हा एकदा येतो. sin x° चा दुसरा अवकलज −k² sin x° असतो, आणि k² म्हणजे सुमारे ०.०००३०४६. काट्याच्या टोकाचे त्वरण याच मार्गाने काढता येते: १० × ३६ × k² = ०.१०९७ सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग, ही त्याची सर्वांत मोठी किंमत. वर्तुळाकार गतीच्या सूत्राने वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या काढले, तर १.०९६६ भागिले १०, तेच उत्तर. इथे अनेकांचा हिशेब अर्धवट चुकतो. पहिल्या अवकलनात गुणक आठवणीने घेतला जातो आणि दुसऱ्यात ‘तो आधीच घेतला आहे’ असे वाटून सोडला जातो. मग त्वरण ६.२८ येते. प्रत्येक अवकलनाला k चा एक घात, असा हिशेब ठेवला की गोंधळ होत नाही. मालिकेतही हेच दिसते. sin x° ची मालिका kx − (kx)³/६ + … अशी असते. दहा अंशांसाठी पहिले पद ०.१७४५३२९, त्यातून ०.०००८८६१ वजा केल्यावर ०.१७३६४६८, खरी किंमत ०.१७३६४८२. दोन पदांत पाच दशांश स्थळे जुळतात. k न घेता १० − १०००/६ असे लिहिले, तर पहिल्या दोन पदांची बेरीज −१५६.६७ येते. उणे एक ते एक यांच्या दरम्यान राहणाऱ्या फलनासाठी ती संख्या स्वतःच चूक ओरडून सांगते.

समाकलनात गुणक उलटा होतो. sin x° चे समाकलज −(१८०/π) cos x°. शून्य ते १८० अंशांच्या कमानीखालचे क्षेत्रफळ २ × ५७.२९५८ म्हणजे ११४.५९ येते. याचा अंदाज आलेखावरूनही घेता येतो. कमानीचा पाया १८० आणि उंची १, म्हणजे क्षेत्रफळ १८० पेक्षा कमी पण त्याच पायावरच्या त्रिकोणाच्या ९० पेक्षा जास्त हवे. रेडियनमधले ओळखीचे उत्तर २ इथे शोभत नाही, आणि k ने भागायचे सोडून गुणल्यावर येणारे ०.०३४९ तर मुळीच नाही.

या उदाहरणांत चूक उघडी पडते, कारण उत्तराची तुलना करायला काहीतरी समोर असते. ते नसेल तिथे चूक दडून राहते. फलनाची महत्तम किंवा लघुतम किंमत कुठे आहे हे शोधताना अवकलज शून्य धरला जातो. ३ sin x° + ४ cos x° सर्वांत मोठे कधी होते, या प्रश्नात k(३ cos x° − ४ sin x°) = ० मधून k दोन्ही बाजूंनी निघून जातो. गुणक विसरला तरी उत्तर ३६.८७ अंश बरोबरच येते. अशी दहा उदाहरणे सुटल्यावर गुणकाची गरज नाही असा समज पक्का होतो. पण त्याच फलनात x चे साधे पद मिसळले, उदाहरणार्थ sin x° − x/१०० असे फलन घेतले, की k आता काढून टाकता येत नाही. cos x° = १/(१००k) = ०.५७३०, म्हणून महत्तम किंमत सुमारे ५५ अंशांपाशी येते; गुणक विसरल्यास cos x° = ०.०१ आणि उत्तर ८९.४ अंश. अवकलजाची तुलना शून्याखेरीज दुसऱ्या कशाशीही होऊ लागली, की गुणक निर्णायक ठरतो.

न्यूटनच्या पद्धतीत ही चूक आणखी फसवी होते. sin x° = ०.६ हे समीकरण ३० अंशांपासून सुरू करून सोडवायचे आहे. उणीव ०.१ आहे, ती ०.०१५११५० या चढाने भागली की ६.६१५९ अंशांचे पाऊल मिळते आणि x होतो ३६.६१५९. दुसऱ्या पावलात ३६.८६९५. खरे उत्तर ३६.८६९९, म्हणजे दोन पावलांत काम जवळपास पुरे. आता चढ म्हणून नुसता cos ३०° वापरला तर पाऊल ०.१ भागिले ०.८६६०, म्हणजे ०.११५५ अंशांचे पडते. पावले योग्य दिशेला पडतात, पण गरजेच्या सत्तावन्नाव्या भागाइतकीच. उत्तराजवळ पोहोचल्यावर प्रत्येक पावलाला चूक ०.९८२५ पट होते. ती दहाव्या भागावर यायला सुमारे १३१ पावले लागतात. शेवटी उत्तर बरोबरच निघते. संगणक ही पावले क्षणात टाकतो, म्हणून आत काहीतरी चुकले आहे हे कळतही नाही. एरवी दरेक पावलाला बरोबर अंकांची संख्या दुप्पट करणारी पद्धत रांगत असेल, तर सर्वांत आधी अवकलजातला गुणक तपासावा. उलट चूक झाली, म्हणजे कोन रेडियनमध्ये असूनही अवकलजाला k ने गुणले, तर पाऊल ५७ पट मोठे पडते आणि किंमती इतस्ततः उड्या मारतात. ती चूक लपत नाही.

कॅल्क्युलेटर आणि संगणक यांची रीत निराळी असल्याने गोंधळात भर पडते. वैज्ञानिक कॅल्क्युलेटर अंशांच्या स्थितीत असताना त्याच्या साइनच्या बटणावर बसलेले फलन sin x° असते. दोन जवळच्या किंमतींच्या फरकावरून त्याचा चढ काढला तर तीसपाशी ०.०१५११५ मिळतो. ०.८६६ ची अपेक्षा करणाऱ्याला यंत्र बिघडले असे वाटते, पण यंत्र खरे बोलत असते. स्प्रेडशीटमधले SIN आणि पायथनमधले math.sin मात्र नेहमी रेडियनच अपेक्षितात. तिथे अंश द्यायचे असतील तर आत गुणक घालावा लागतो, आणि एकदा तो आत घातला की अवकलजात बाहेरही घालावा लागतो. अवकलजाचे सूत्र कागदावर कितीही काळजीपूर्वक काढले असले, तरी मध्यावरच्या फरकाने त्याची पडताळणी करून घेणे श्रेयस्कर:

```
import math
k = math.pi / 180
x, h = 30, 0.001
a = math.sin((x + h) * k)
b = math.sin((x - h) * k)
print((a - b) / (2 * h))
print(k * math.cos(x * k))
```

दोन्ही ओळींत ०.०१५११४९९… छापले गेले, तर सूत्र बरोबर आहे. शेवटच्या ओळीत बाहेरचा k राहिला असेल तर दोन संख्यांत ५७.३ चे गुणोत्तर दिसते. कोसाइनच्या आतला k राहिला असेल तर गुणोत्तर कुठल्याच ओळखीच्या संख्येशी जुळत नाही आणि x बदलला की तेही बदलते. कोणता k हरवला, हे या फरकावरून सांगता येते.

व्यस्त फलनांच्या बाबतीत गुणक समाकलनासारखाच उलटा लागतो. साइनची किंमत y देऊन उत्तर अंशांत मागितले, तर त्या कोनाचा y च्या सापेक्ष अवकलज (१८०/π)/√(१ − y²) असतो. y = ०.६ पाशी ही किंमत ५७.२९५८ भागिले ०.८, म्हणजे ७१.६२ अंश. मोजणीत y ०.००१ ने चुकला, तर कोन सुमारे ०.०७ अंशाने, म्हणजे चार कलांहून थोडा अधिक, चुकेल. y एकच्या जवळ गेला की हाच आकडा अमर्याद वाढतो. म्हणून नव्वद अंशांजवळचा कोन त्याच्या साइनवरून काढणे टाळावे आणि कोसाइनवरून काढावा. तिथे कोसाइनचा चढ −k इतका, म्हणजे आपल्या कमाल मापाचा असतो, आणि ०.००१ ची चूक कोनात सुमारे ०.०५७ अंशाचीच होते.